लेव्हल वाढली, तरी लढाई तेवढीच अवघड का?

रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्यातल्या बहुतेक दोन वाक्यांत बसतात. एक, ‘लेव्हल वाढायला फार वेळ लागतो.’ दुसरी, ‘लेव्हल वाढली तरी काही फरक पडत नाही.’ पहिली तक्रार एक्सपीच्या कर्व्हबद्दल असते, म्हणजे कुठल्या लेव्हलला किती अनुभवगुण लागतात त्या आलेखाबद्दल. दुसरी असते शत्रूंच्या ताकदीबद्दल. गेम बनवणारे बरेचदा या दोन्हींसाठी दोन वेगळी सूत्रं लिहितात, दोन्ही आपापल्या जागी छान दिसतात, आणि ती एकत्र चालायला लागली की गाडी घसरते.

खेळणाऱ्याला सूत्र दिसत नाही. पुढच्या लेव्हलला ९०० एक्सपी लागतात की ९०,०००, याने त्याला काही वाटत नाही. त्याला दोन गोष्टी जाणवतात: पुढच्या लेव्हलपर्यंत अजून किती लढाया, आणि एका लढाईत किती वार. न्याय्य वाटणं न वाटणं सगळं या दोन आकड्यांवर ठरतं. म्हणून हे दोन आकडे आधी ठरवायचे आणि सूत्रं त्यांच्यावरून उलटी काढायची. कसं, ते एका छोट्या काल्पनिक गेमवर करून बघू.

आधी लढाया मोजा, एक्सपी नंतर

आपल्या गेममध्ये ३० लेव्हल आहेत असं धरू. सुरुवातीला लेव्हल पटापट वाढावी म्हणजे खेळणारा रमतो, आणि नंतर हळूहळू अंतर वाढावं. म्हणून पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला बरोबरीच्या शत्रूशी ६ लढाया, आणि पुढे प्रत्येक लेव्हलला एक लढाई जास्त. शत्रू मारल्यावर मिळणारा एक्सपीही लेव्हलबरोबर वाढायला हवा, नाहीतर मोठा शत्रू मारण्यात मजा नाही. तो सरळ रेषेत वाढवू. झालं, बाकीचं आपोआप येतं:

```
fights(L)  = 5 + L
enemyXP(L) = 10 + 5*L
needXP(L)  = fights(L) * enemyXP(L)
```

पहिल्या लेव्हलला ६ लढाया, प्रत्येकी १५ एक्सपी, म्हणजे ९० लागतील. दहाव्या लेव्हलला १५ लढाया गुणिले ६०, म्हणजे ९००. विसाव्याला २५ गुणिले ११०, म्हणजे २,७५०. एकोणतिसाव्याला ५,२७०. आकडे भराभर फुगलेले दिसतात, पण त्यामागे लढाया ६ वरून ३४ वरच गेल्या आहेत.

दोन सरळ रेषांचा गुणाकार केला की वर्ग येतो, आणि असे वर्ग एकावर एक रचत गेलं की एकूण बेरीज घनाच्या आसपास जाते. पोकेमॉन मालिकेतला एक जुना एक्सपी गट नेमका असाच आहे: n व्या लेव्हलला एकूण एक्सपी n चा घन, म्हणून शंभराव्या लेव्हलला बरोबर १०,००,०००. पहिल्या चार पिढ्यांत जंगली पोकेमॉनला हरवल्यावर मिळणारा एक्सपी ढोबळमानाने त्या प्राण्याचा मूळ आकडा गुणिले त्याची लेव्हल, भागिले ७ असा होता. मूळ आकडा ७० धरला तर दहाव्या लेव्हलचा प्राणी १०० एक्सपी देतो आणि दहावरून अकरावर जायला ३३१ लागतात, म्हणजे चारेक लढाया. पन्नासाव्या लेव्हलला तोच प्राणी ५०० देतो, लागतात ७,६५१, म्हणजे सोळाएक लढाया. लेव्हल पाचपट झाली आणि लढायाही जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाढल्या. घनाचं सूत्र ऐकायला भीतीदायक वाटतं, पण हाताला लागणारी चढण अगदी सौम्य आहे.

आता आपल्या गेमची बेरीज करू. पहिल्यापासून तिसाव्या लेव्हलपर्यंत ५८० लढायांइतका एक्सपी लागतो. एक लढाई, तिच्यापर्यंतचं चालणं धरून, दीड मिनिटाची मानली तर साडेचौदा तास नुसती हाणामारी. गोष्ट वीस तासांची असेल तर हे जड होईल. म्हणून एक्सपीचा चाळीस टक्के भाग क्वेस्टमधून द्यायचा. मग प्रत्यक्ष लढाया उरतात ३४८ आणि वेळ पावणेनऊ तासांच्या आत येतो. नकाशावर वाटेत शत्रू ठेवणाऱ्याला हा ३४८ चा आकडा आधी सांगा. त्याने दोनशेच ठेवले तर खेळणाऱ्याला त्याच गुहेत परत परत जाऊन ग्राइंड करावं लागणार, आणि दोष मात्र कर्व्हला मिळणार.

क्वेस्टचा एक्सपी आकड्यात न लिहिता लेव्हलच्या हिश्शात लिहावा. दहाव्या लेव्हलच्या मुख्य क्वेस्टला ‘२७०’ लिहिण्याऐवजी ‘लेव्हलचे ३० टक्के’ लिहिलं की उद्या सूत्र बदललं तरी शंभर क्वेस्ट हाताने बदलत बसावं लागत नाही.

टक्क्यांची चढण उशिरा चावते

नवखे डिझायनर वरच्यासारखी उलटी मांडणी सहसा करत नाहीत. ते एक सोपं सूत्र धरतात: पहिल्या लेव्हलला ९०, पुढे दर लेव्हलला २० टक्के जास्त. दिसायला सुटसुटीत, आणि बऱ्याच गेममध्ये चालतंही. शत्रूचा एक्सपी मात्र सरळ रेषेतच ठेवलेला असतो. याच्या लढाया मोजून बघा.

दहाव्या लेव्हलला ४६४ एक्सपी लागतात, शत्रू ६० देतो, म्हणजे ८ लढाया. आपल्या आधीच्या मांडणीत १५ होत्या, म्हणजे हे उलट सोपं झालं. विसाव्याला २६ लढाया, जवळजवळ आधीइतक्याच. पंचविसाव्याला ५३. एकोणतिसाव्याला ९६.

यातली गोम अशी की पहिल्या वीस लेव्हल खेळून बघणाऱ्याला काहीही खटकत नाही. गेम तपासणारी मंडळी वेळेअभावी सुरुवातीचा भाग शंभर वेळा खेळतात आणि शेवटचा एखाददोनदा, तोही चीट वापरून लेव्हल चढवून. म्हणून ही भिंत गेम बाहेर आल्यावर सापडते. खेळणाऱ्याने गोष्टीत पंधरा-वीस तास घातलेले असतात, शेवट जवळ आलेला असतो, आणि तिथेच लेव्हल हलेनाशी होते.

टक्क्यांची चढण चूक आहे असं मात्र नाही. रूनस्केपमध्ये लागणारा एक्सपी दर सात लेव्हलला साधारण दुप्पट होतो. ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ लागतात, आणि ९२ व्या लेव्हलला पोचलेला खेळाडू नेमका अर्ध्या वाटेवर असतो. तिथे ते जमतं, कारण वरच्या लेव्हलला तासाला मिळणारा एक्सपीही चांगलाच वाढतो, आणि वर्षानुवर्षं खेळत राहायच्या ऑनलाइन गेममध्ये शेवटचा टप्पा लांब असणं हा हेतूच असतो. तीस तासांत संपणाऱ्या गोष्टीला तीच चढण लावली की बिघडतं. लागणारा एक्सपी टक्क्यांनी वाढवायचा असेल तर मिळणाराही टक्क्यांनी वाढवा, थोड्या कमी दराने. मग लढायांची संख्या हळू वाढत राहते आणि भिंत उभी राहत नाही.

किती वारांत पडतो?

आता दुसरा आकडा. बरोबरीच्या लेव्हलचा साधा शत्रू किती वारांत पडावा हे आधी ठरवा. आपण चार धरू. शत्रूने आपल्याला मारायला दहा-बारा वार लागावेत. म्हणजे एका लढाईत साधारण एक तृतीयांश हेल्थ जाईल, तीन लढायांनंतर औषधाची आठवण येईल. बॉसला पंधरा-वीस वार.

खेळाडूचा वार 10 + 2*L इतका धरू: पहिल्या लेव्हलला १२, दहाव्याला ३०, तिसाव्याला ७०. शत्रूची हेल्थ पहिल्या लेव्हलला ४८ म्हणजे बरोबर चार वार. आता कोणी शत्रूची हेल्थ दर लेव्हलला १० टक्क्यांनी वाढवली तर दहाव्या लेव्हलला ती ११३ होते, अजूनही चारच वार. विसाव्याला २९४, म्हणजे सहा. तिसाव्याला ७६१, म्हणजे अकरा. शत्रू हुशार झाला नाही, नव्या युक्त्या शिकला नाही, फक्त मरायला तिप्पट वेळ घ्यायला लागला. गेमर अशा शत्रूला स्पंज म्हणतात. आजाराचं मूळ तेच आहे जे एक्सपीत पाहिलं: एक बाजू टक्क्यांनी चालली आहे, दुसरी सरळ रेषेत.

दोन्ही बाजू एकाच तऱ्हेने वाढवायच्या हे ठरलं, तरी कुठल्या तऱ्हेने हा प्रश्न उरतो. दोन्ही सरळ रेषेत ठेवल्या, म्हणजे शत्रूची हेल्थ खेळाडूच्या वाराच्या चौपट, 40 + 8*L, तर बरोबरीचा शत्रू कायम चार वारांत पडतो. पण लेव्हलमधल्या फरकाची किंमत बदलत जाते. तिसऱ्या लेव्हलचा खेळाडू सहाव्या लेव्हलच्या शत्रूला मारतो तेव्हा वार १६ चा, हेल्थ ८८, म्हणजे साडेपाच वार. सत्ताविसाव्या लेव्हलचा खेळाडू तिसाव्याच्या शत्रूला मारतो तेव्हा वार ६४ चा, हेल्थ २८०, म्हणजे चार पूर्णांक चार दशांश. फरक दोन्हीकडे तीन लेव्हलचाच, पण शेवटी शेवटी तो जाणवेनासा होतो. ‘लेव्हल वाढून काही फरक पडत नाही’ या तक्रारीचं एक कारण हे आहे, आणि ते शत्रूंच्या यादीत कुठेच दिसत नाही.

दोन्ही बाजू सारख्याच टक्क्यांनी, समजा आठाने, वाढवल्या तर तीन लेव्हलचा फरक कुठेही सारखाच राहतो, सुमारे २६ टक्के. मला मध्यम लांबीच्या गेमसाठी हीच रीत बरी वाटते. अडचण फक्त आकडे फुगण्याची. तीस लेव्हलमध्ये १२ चा वार ११२ होतो, तिथवर ठीक. शंभर लेव्हल ठेवल्या तर तोच २४,००० च्या पुढे जातो आणि पडद्यावर उडणारे आकडे वाचता येत नाहीत. वर्षानुवर्षं भर पडत गेलेल्या ऑनलाइन गेममध्ये हे हमखास होतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०१४ मध्ये सगळे आकडे एकदम खाली आणले, आणि २०२० मध्ये लेव्हलही आवळल्या: १२० व्या लेव्हलचा खेळाडू ५० व्यावर आला.

टक्के ठरवताना दोन बाजू एकमेकींना गुणतात, हे सहज विसरलं जातं. तीन लेव्हलने वरचढ शत्रूची हेल्थ २६ टक्के जास्त असते, म्हणून लढाई तेवढी लांबते. शिवाय त्याचा प्रत्येक वारही २६ टक्के जास्त लागतो. दोन्ही मिळून आपली हेल्थ जाते ती ५९ टक्के जास्त. म्हणून ‘फक्त आठ टक्के’ हा दर छोटा नाही. सहा लेव्हलच्या फरकाला तो लढाई अडीचपट अवघड किंवा अडीचपट सोपी करतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कागदावर दिसत नाही आणि हातात लगेच दिसते: वार पूर्णांकात पडतात. १२ चा वार आणि ४८ हेल्थ म्हणजे चार वार. कोणी ‘जरा कणखर करू या’ म्हणून हेल्थ ४९ केली, की पाच. दोन टक्क्यांचा बदल, आणि लढाई पंचवीस टक्के लांब. उलट हेल्थ ४० असती आणि ती वीस टक्के वाढवून ४८ केली, तर चाराचे चारच. म्हणून हेल्थ अगदी काठावर ठेवू नये. चार वारांचा शत्रू हवा असेल तर वाराच्या ३.७ पटीच्या आसपास ठेवावी, म्हणजे दोन्हीकडे थोडी जागा राहते. वाराचा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ दिला तरी काठ बोथट होतो. पोकेमॉनमध्ये प्रत्येक वार ८५ ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. त्यातून चुरस वाढतेच, शिवाय हे कामही होतं.

शत्रू आपल्याबरोबर वाढले तर

मोकळ्या जगाच्या गेममध्ये खेळणारा कुठल्या लेव्हलला कुठे जाईल सांगता येत नाही. मग सोपा उपाय सुचतो: शत्रूची लेव्हल खेळाडूच्या लेव्हलवरच बेतायची. कुठेही जा, लढाई बरोबरीची.

२००६ च्या ओब्लिव्हियनने हे मोठ्या प्रमाणावर केलं, आणि या विषयावर बोलताना आजही पहिलं उदाहरण त्याचंच दिलं जातं. तिथे वरच्या लेव्हलला पोचल्यावर वाटेवरचे फुटकळ लुटारूही काचेच्या महागड्या चिलखतात समोर यायचे. जगाला अर्थ उरत नाही, हा एक भाग. दुसरा भाग जास्त शिकवणारा आहे. त्या गेममध्ये निवडलेली कौशल्यं वापरून वापरून लेव्हल वाढते, मग ती कौशल्यं लढाईची असोत वा बोलण्याची आणि उड्या मारण्याची. शत्रू मात्र बघतात फक्त लेव्हल. त्यामुळे गोडबोल्या, चपळ पात्राची लेव्हल चढायची, लढाईची ताकद तिथेच राहायची, आणि बाहेरचं जग दणकट व्हायचं. पात्राला झोपवल्याशिवाय लेव्हल चढत नसल्याने काही खेळाडू त्याला झोपवायचंच टाळत. बक्षीस घ्यायला खेळणारा घाबरतो, याहून स्पष्ट लक्षण मिळणार नाही.

१९९९ च्या फायनल फँटसी ८ मध्येही असंच घडतं. तिथे प्रत्येक लेव्हलला सरसकट १,००० एक्सपी लागतात, शत्रू आपल्या लेव्हलबरोबर वाढतात, आणि खरी ताकद येते ती गोळा केलेल्या जादू पात्राच्या गुणांना जोडून. जादू लेव्हल न वाढवताही गोळा करता येते. म्हणून लेव्हल मुद्दाम खाली ठेवून खेळणं सोपं पडतं. मला स्वतःला असली पळवाट शोधायला आवडते, पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला, मेहनतीने लढणाऱ्याला, ती शिक्षा आहे.

दोन्हीकडे बिघाड एकच: शत्रू ज्या आकड्याकडे बघून वाढतो, तो आकडा खेळाडूची सगळी ताकद सांगत नाही. आपल्या गेममध्ये बघा. शत्रू दर लेव्हलला आठ टक्के वाढतो. खेळाडूला लेव्हलमुळे चारच टक्के मिळतात, बाकीची ताकद तलवारीतून यायची आहे. नवी तलवार मिळाली नाही तर पाच लेव्हलनंतर शत्रू ४७ टक्क्यांनी वाढलेला, खेळाडू २२ टक्क्यांनी. चार वारांचा शत्रू आता ४.८ वारांचा, म्हणजे प्रत्यक्षात पाच वारांचा. खेळाडू पाच वेळा ‘लेव्हल अप’ची धून ऐकून आधीपेक्षा अशक्त झाला. नवी तलवार मिळाली की एकदम २१ टक्के भरून निघतात. हे वरखाली होणं वाईट नाही. उलट तलवार बदलल्याचा आनंद त्यातूनच येतो. फक्त दरी किती खोल जाऊ द्यायची हे ठरवलेलं असावं, आणि तलवारी त्या अंतराने मिळतील याची खात्री असावी. दुकानदाराकडे हमखास मिळणारी एक साधी तलवार ठेवणं, हा त्यावरचा जुना आणि पक्का इलाज.

शत्रूंच्या वाढीला वर-खाली कुंपण घालणं हा दुसरा इलाज. प्रत्येक भागाला किमान आणि कमाल लेव्हल द्यायची:

```
enemyLevel = clamp(playerLevel, areaMin, areaMax)
```

जंगलाला ८ ते १४ अशी हद्द दिली, तर पाचव्या लेव्हलचा खेळाडू तिथे गेला की समोर आठव्या लेव्हलचा शत्रू. मार खाईल, पण काय झालं ते त्याला कळेल. आठ ते चौदाच्या मध्ये लढाई बरोबरीची. विसाव्या लेव्हलला परत आला की चौदाव्या लेव्हलचे शत्रू दोन-तीन वारांत लोळतील. आधी ज्यांनी पळवलं त्यांना आता आडवं करणं, यातच लेव्हल वाढल्याचा पुरावा असतो. सगळं जग कायम बरोबरीचं ठेवलं तर हा पुरावा कधीच मिळत नाही. ओब्लिव्हियन बनवणाऱ्यांनीच पुढे स्कायरिममध्ये, २०११ मध्ये, जागांना अशा हद्दी दिल्या. तिथे गुहेसारख्या बऱ्याच ठिकाणी खेळाडू पहिल्यांदा शिरतो तेव्हाच लेव्हल पक्की होते. हरून बाहेर पडलात आणि ताकद कमावून परत आलात, तर शत्रू तुमच्या मागोमाग वाढलेले नसतात.

हद्द किती रुंद ठेवायची? आपल्या आठ टक्क्यांच्या गेममध्ये सहा-सात लेव्हलच्या पुढे गेलात तर हद्द असूनही नसल्यासारखी. गोष्टीच्या वाटेवरच्या भागांना अरुंद हद्द, आडवाटेच्या ठिकाणांना रुंद, असं मी ठेवेन. बॉसला मात्र कमाल हद्द हवीच, नाहीतर सगळी बाजूची कामं करून आलेल्याला त्या कामांचं काहीच मोल मिळत नाही.

मागे पडलेल्याला हात, पुढे गेलेल्याला लगाम

तरीही दोन खेळाडूंमधलं अंतर वाढत जातं. फक्त मुख्य गोष्ट खेळणारा तिसऱ्या बॉसपाशी १२ व्या लेव्हलला पोचला आणि कोपरानकोपरा धुंडाळणारा १८ व्याला, असं समजा. सहा लेव्हल, म्हणजे अडीचपट फरक. एकच बॉस दोघांना न्याय्य वाटणं कठीण.

लागणाऱ्या एक्सपीची चढण हे अंतर थोडं आवरते. चौदाव्या लेव्हलचा शत्रू ८० एक्सपी देतो. बाराव्याला पुढे सरकायला असे १५ मारावे लागतात, अठराव्याला २९. याला जोर द्यायचा तर मिळणारा एक्सपी दोघांच्या लेव्हलमधल्या फरकावर बेततात. पोकेमॉनने २०१० मध्ये पाचव्या पिढीत हे आणलं. त्यातला कामाचा भाग असा, E शत्रूची लेव्हल आणि P आपली:

```
XP * ((2*E + 10) / (E + P + 10))^2.5
```

लेव्हल सारखी असेल तर कंसात १ येतो आणि काही बदलत नाही. आपल्या उदाहरणात बाराव्या लेव्हलच्या खेळाडूला चौदाव्या लेव्हलच्या शत्रूकडून १४ टक्के जास्त मिळेल, म्हणून १५ ऐवजी १३ लढाया. अठराव्याला २२ टक्के कमी, म्हणून २९ ऐवजी ३७. कोणाला काही बंद केलेलं नाही, पण दोघंही हळूहळू त्या भागाच्या लेव्हलकडे ओढले जातात.

सूत्रातला २.५ हा घात मोठा करून ही ओढ पाहिजे तेवढी कडक करता येते, पण मी करणार नाही. एकदम शून्यावर आणलं की धुंडाळणारा खेळाडू चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं: त्याने वेळ घालवला, त्याचं काहीतरी हातात पडलं पाहिजे. एक्सपी कमी केलाच तर त्या आडवाटांवर पैसे, वस्तू, गोष्टीचे तुकडे ठेवावेत.

बिघडलंय हे कळतं कसं

कोष्टकात प्रत्येक लेव्हलसमोर चार रकाने घाला: बरोबरीच्या लढाया, शत्रूला लागणारे वार पूर्णांकात, एका लढाईत जाणारी हेल्थ, आणि तलवार न बदलता पाच लेव्हलनंतरचे वार. यातला कुठलाही आकडा शेजारच्या ओळीपेक्षा एकदम उडालेला दिसला, तर तिथे खेळाडूही अडखळणार. वरची ९६ लढायांची भिंत या कोष्टकात एका नजरेत दिसते.

कोष्टकाला माणसाच्या सवयी मात्र कळत नाहीत. कोण लढाई टाळून पळतो, कोण एकच जादू वापरतो, कोण औषधं शेवटपर्यंत साठवून ठेवतो आणि वापरतच नाही. म्हणून खेळून बघणाऱ्यांकडून प्रत्येक बॉसपाशी तीन नोंदी घ्या: लेव्हल किती, कितव्या प्रयत्नात जिंकला, जिंकला तेव्हा हेल्थ किती उरली. सरासरीवर विसंबू नका. बारावी आणि अठरावी लेव्हल मिळून सरासरी पंधरा येते, आणि त्या पंधराव्या लेव्हलवर कदाचित एकही माणूस नसतो. सगळ्यात खालचा, मधला आणि सगळ्यात वरचा, असे तीन खेळाडू वेगळे बघा. बॉसच्या आधी लोक मागे फिरून जुन्या भागात लढायला जाताना दिसले तर मुख्य वाटेवर एक्सपी कमी पडतोय. लेव्हल पुरेशी आहे, तरी पुन्हा पुन्हा मरत असतील तर बॉसचे आकडे किंवा हातातली तलवार तपासा.

आणि दुरुस्ती करताना कर्व्हला सगळ्यात शेवटी हात लावा. तिसरा बॉस जड जातोय म्हणून दहाव्या ते बाराव्या लेव्हलचा लागणारा एक्सपी कमी केला, तर तिसऱ्या बॉसपाशी सगळे एक लेव्हल वर पोचतील खरे. पण ती जास्तीची लेव्हल घेऊनच ते चौथ्या बॉसकडे जातील आणि तिथली लढाई, जी ठीक चालली होती, ती ढिली पडेल. त्याऐवजी तिसऱ्या बॉसची हेल्थ दोन वारांनी कमी केली, किंवा त्याच्या दाराआधीच्या दुकानात ती तलवार ठेवली, तर बदल बहुतांशी तिथल्या तिथेच राहतो.